आधी हरभऱ्याचं मूळ, मग बाकीचं

बाबू,

तुझं पत्र वाचून हसू आलं, पण रागावू नकोस. तीन महिने त्या पोरीबरोबर एकाच बॅचमध्ये प्रॅक्टिकल करतोस आणि अजून तिच्याशी एक शब्द नाही! आता म्हणतोस, साडेपाचच्या एसटीत तिच्या शेजारची सीट मिळाली की बोलतो.

एसटीत नको. बारावीनंतर मीही त्याच रस्त्यानं तालुक्याला जात होते. एकदा आमच्या वर्गातला एक पोरगा मागची जागा सोडून माझ्याजवळ येऊन बसला. बोलला काय, तर "पेपर कसे गेले?" वाईट काहीच नव्हतं त्यात. पण मी खिडकीकडे, तो वाटेत, म्हणजे उठून जायची सोय नाही. पुढच्या सीटवर गावातले दोन काका. गाडी गावात पोचायच्या आत गोष्ट बाबांपर्यंत पोचली आणि पुढचे दोन महिने मला भाऊ सोडायला येत होता. त्या पोराला कोणी काही विचारलं नाही. आपल्याकडे असंच असते. बोलणारा मोकळा सुटतो, जिच्याशी बोलला तिला घरी हिशेब द्यावा लागतो. म्हणून जागा अशी पाहा, जिथं तुम्ही दोघं असायचं कारण सगळ्यांना आधीच माहीत आहे आणि नको वाटलं तर तिला सहज वळता येते.

तुझ्याकडे अशी जागा आहे की! तूच लिहिलंस, हरभऱ्याच्या मुळाचं सेक्शन तुला जमत नाही, एका बाजूनं जाड राहते. आणि तिचं मायक्रोस्कोपखाली स्वच्छ दिसते. मग तेच विचार. खरंच अडलेलं विचारलं की आवाज आपोआप साधा राहतो. पाठ करून नेलेलं वाक्य समोरच्याला लगेच कळते.

आता 'तू' म्हणू की 'तुम्ही', यावर तू अर्धं पान लिहिलंस. दोन्ही नको. आपल्या भाषेत ती सोय आहे: "सेक्शन इतकं पातळ कसं निघते? माझं तर एका बाजूनं जाडच राहते." बस. तिनं "तुझं ब्लेड दाखव" म्हटलं, की तुझा प्रश्न सुटला.

ती बहुतेक सांगेल, की मूळ बटाट्याच्या फोडीत चीर पाडून धर, ब्लेड ओलं ठेव, करवतीसारखं मागंपुढं न करता एका दमात ओढ. ऐकून घे, "करून पाहतो" म्हण आणि आपल्या टेबलावर परत ये. हे परत येणंच तुला सगळ्यात जड जाईल. गाडी चालू झाली, आता गाव, आवड, भाऊ-बहीण सगळं विचारून घ्यावं, असं वाटेल. नको. तू आधी निघालास म्हणजे तिला सुटका शोधावी लागत नाही, आणि पुढच्या खेपेला तुला पाहून ती सावध होत नाही.

पुढच्या प्रॅक्टिकलला स्लाइड दाखव, फसली असली तरी. "बटाट्यानं जमलं, पण सॅफ्रॅनिन जास्त झालं, सगळं लालच दिसते." आता नीट लक्ष दे. ती हसली तर चांगलंच, पण हसणं भिडेनंही असते. तिनं उलट काही विचारलं का, ते पाहा. "किती वेळ ठेवलं होतं?" एवढं विचारलं तरी बोलणं दोघांचं झालं. लाजरी पोरगीही दोन-तीन खेपांत एखादा प्रश्न परत टाकतेच. पण "हो", "माहीत नाही" म्हणून ती मैत्रिणीकडे वळली, तर एकदा सोडून दे, प्रॅक्टिकलमध्ये डोकं तापलेलं असते. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तर उत्तर मिळालं समज. तिसरा प्रश्न शोधत बसू नकोस. नमस्कारापुरती ओळख ठेव, टेबल बदलून तिच्या आसपास घुटमळू नकोस.

दोस्तांना यातलं काही सांगू नकोस. ती व्हरांड्यातून गेली की कोणीतरी तुझं नाव घेऊन खोकणार, आणि तुझं बोलणं सुरू व्हायच्या आधीच संपणार. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपातून नंबर काढून रात्री 'हाय' टाकणंही तसंच. नंबर तिनं ग्रुपला दिला आहे, तुला नाही. तिच्या मैत्रिणीच्या हाती निरोप तर अजिबात नको. आमच्या काळात त्याचे काय काय तमाशे झाले ते भेटल्यावर सांगीन.

आवडतेस वगैरे सांगायची गोष्ट अजून लांब आहे. आधी बोलणं तर होऊ दे.

वावरातून मुळं आणशील तेव्हा झाड हळू उपट, जमीन ओली असताना, नाहीतर मूळ आतच तुटते. चार जास्तीची आण. बॅचमध्ये कोणाकडे तरी कमी पडतातच.

तुझी,
ताई