बीट रेट बघून घड्याळ निवडताय? आधी हे वाचा

जास्त बीट रेटचं घड्याळ जास्त अचूक असतं का, हा तुमचा प्रश्न वाचला. २८८००चं घड्याळ १८०००पेक्षा अचूक असणारच, हा समज आधी डोक्यातून काढा, नवीन लोकांची पहिली चूक हीच असते.

हा आकडा म्हणजे बीट रेट, तासाला किती टिक. एचएमटी जनता १८०००, म्हणजे सेकंदाला ५, आणि ईटीए कंपनीचं २८२४ हे स्विस मशीन २८८००, म्हणजे सेकंदाला ८. बॅलन्स व्हील, म्हणजे पुढेमागे झुलून घड्याळाची लय ठरवणारं चाक, वेगाने झुलत असेल तर हात हलला, धक्का बसला तरी त्याची लय कमी बिघडते आणि लवकर जागेवर येते, म्हणून मनगटावर वेळ स्थिर राहायला मदत होते. फायदा खरा आहे, पण नीट रेग्युलेट केलेली जनता बिघडलेल्या २८८००ला आरामात मागे टाकते.

आता या वेगासाठी काय मोजावं लागतं ते बघा. दिवसाला ४,३२,०००च्या जागी ६,९१,२०० टिक, म्हणजे टिक घडवणाऱ्या पॅलेट आणि एस्केप व्हील या भागांवर तेवढे जास्त ठोके, तेल लवकर हटतं आणि स्प्रिंगची ताकदही जास्त लागते. ईटीएनेच २८२४वरून पॉवरमॅटिक ८० हे मशीन काढताना बीट २१६००वर आणला, स्प्रिंगही लांब केली, आणि पॉवर रिझर्व्ह, म्हणजे पूर्ण चावीवर घड्याळ चालण्याचा वेळ, ३८ तासांवरून ८०वर गेला.

सुरुवातीला एवढंच करा:
- विकणाऱ्याला सर्व्हिसिंग कधी झालं ते विचारा, जास्त बीटवालं घड्याळ कोरड्या तेलावर चालवलं तर झीज लवकर होते.
- टाइमग्राफरवर, म्हणजे टिक ऐकून अचूकता मोजणाऱ्या यंत्रावर, त्या घड्याळाचा बीट रेट बरोबर सेट आहे ना बघा, नाहीतर रीडिंग भलतंच येतं.
- काटा किती स्मूथ सरकतो यावर अचूकता ठरवू नका.

लिफ्ट अँगल वगैरे नंतर बघू.