शेड नंबर तोच, रंग मात्र वेगळा

गणपतीआधी ओटी आणि माजघर रंगवायला काढलं. आधी २० लिटरची बादली आणली, ती संपल्यावर त्याच दुकानातून, तोच शेड नंबर सांगून ४ लिटरचा डबा आणला. माजघराच्या एकाच भिंतीवर आता मधोमध सरळ रेघ दिसते, अर्धी भिंत पिवळट, अर्धी पांढरट. दुकानदार म्हणतो, "तुमची भिंत ओली आहे, रंगाचा दोष नाही." काय करू? — गुहागर

आधी हात थांबवा. रंगाऱ्याला सांगा की त्या डब्यातला रंग आता एक फूटही पुढे जायला नको. फरक दिसल्यावरही काम चालू ठेवलं की दुकान आणि कंपनी दोघंही म्हणतात, "दिसत होतं तर लावलात कशाला?" आणि त्या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं.

दुकानदार भिंतीबद्दल बोलतो त्यात तथ्य असू शकतं. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, खार वर येतो, आणि खार आलेल्या जागी रंग फिका पडतो. पण ओलीचे डाग ढगासारखे, खालून वर चढणारे, कडा पुसट असलेले असतात. डबा बदलला तिथेच सरळ रेघ पडली असेल, तर संशय डब्यावर आधी जायला हवा. तरीही दुकानदाराशी वाद घालत बसू नका, भिंतीला बाजूला काढून परीक्षा घ्या.

लग्नपत्रिकेचा जाड, पांढरा, कोरा कागद घ्या. बादलीच्या तळाशी वाटीभर रंग उरलेला असतोच, तो खरवडून काढा. दोन्ही रंग काठीने तळापासून चांगले ढवळा आणि दोन्हींत सारखंच पाणी घाला. मग त्या कागदावर दोन पट्टे शेजारी शेजारी, मध्ये फट न ठेवता ओढा. दोन हात द्या. श्रावणात हवा दमट असते, म्हणून एका रात्रीवर भागवू नका, दोन दिवस वाळू द्या. ओला रंग वाळल्यावर बदलतो, त्यामुळे घाईने पाहिलेलं काहीच कामाचं नाही. वाळल्यावर कागद खिडकीशी न्या, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, हातभर अंतरावर धरा. एकदा उलटा फिरवूनही बघा, कारण उजेड एका बाजूने येत असला तर डोळा फसतो.

कागदावरही दोन पट्टे वेगळे दिसले, तर भिंत सुटली. दोष मालात आहे. कागदावर एकच दिसले आणि भिंतीवर वेगळे, तर कारण भिंतीत आहे, किंवा रंगाऱ्याने दुसऱ्या डब्यात पाणी जास्त घातलं असेल. मग दुकानावर तक्रार करू नका, ती टिकणार नाही.

शेड नंबर तोच असून असं होतं कसं? दुकानातलं मशीन पांढऱ्या बेसमध्ये ठरलेल्या मापाने रंगद्रव्याचे थेंब सोडतं. बेसची बॅच बदलली की त्याचा पांढरेपणा किंचित बदलू शकतो. मशीनचं नोझल सुकून अडलं असेल तर एखादा रंग कमी पडतो. रंगद्रव्य तळाशी बसलेलं असलं, किंवा डबा मशीनवर पुरेसा हलवला नाही, तरी तेच. हलक्या शेडमध्ये थेंब मुळातच मोजके असतात, त्यामुळे लहान डब्यात एका थेंबाची चूकसुद्धा डोळ्यांना टोचते. तुमच्याकडे मोठ्या बादलीनंतर लहान डबा आला, तिथे हेच झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आता पुरावा. डब्याच्या झाकणावर किंवा अंगावर मशीनने चिकटवलेलं लेबल असतं. त्यावर शेडचा नंबर, बेस, माप आणि बहुधा घातलेल्या रंगांचं प्रमाण असतं. बॅच नंबर आणि तयार केल्याची तारीख कंपनीने वेगळी छापलेली असते. दोन्ही डब्यांचे दोन्हीकडचे फोटो काढा. आपल्याकडे रिकामी बादली लगेच विहिरीवर जाते आणि आठवड्यात लेबल धुऊन निघतं, म्हणून आज काढा. मागे माझ्या स्वतःच्या घरच्या कामात मी असाच एक डबा शेजाऱ्यांना माशांसाठी दिला होता. दुकानाने "बॅच नंबर दाखवा" म्हटल्यावर माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

रंगवलेला कागद मधोमध असा कापा की दोन्ही पट्टे दोन्ही तुकड्यांत येतील. कापण्याआधी कापाच्या रेघेवर तुमची आणि रंगाऱ्याची सही घ्या, तारीख टाका. एक तुकडा दुकानाकडे, एक तुमच्याकडे. मग हे लेखी द्या, व्हॉट्सअॅपवरही पाठवा:

"दि. … च्या बिल क्र. … ने घेतलेल्या … शेडच्या २० लिटर व ४ लिटर डब्यांचे बॅच नंबर अनुक्रमे … आणि … आहेत. दोन्ही रंग एकाच कागदावर, सारख्या पाण्यात, दोन हात देऊन तपासले असता रंगात फरक दिसतो. नमुना सोबत जोडला आहे. उरलेला रंग न वापरता ठेवला आहे. १५ दिवसांत पहिल्या बादलीशी जुळणारा रंग बदलून द्यावा. देण्याआधी त्याचा वाळलेला नमुना मला दाखवावा."

या पत्रात सगळ्यांत महत्त्वाचं शेवटचं वाक्य आहे. "तोच शेड नंबर पुन्हा द्या" असं मागितलंत, तर पुन्हा तेच मशीन, तोच नंबर आणि कदाचित तीच रेघ. जुळवणी मागायची ती हातातल्या नमुन्याशी, नंबराशी नाही. दुकानदार चांगला असेल तर तुमचा वाळलेला तुकडा समोर ठेवून थेंब थेंब वाढवत रंग जुळवून देतो. त्याच बॅचची जुनी बादली गोदामात असेल, तर ती मागा.

आणि किती मागायचं? समजा भिंत १४ फूट लांब, १० फूट उंच, म्हणजे १४० चौरस फूट. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना एक लिटर साधारण ५० ते ७० चौरस फूट पुरतो, म्हणजे दोन ते तीन लिटर लागतील. ४ लिटरचा एकच डबा मागा आणि ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकट्या त्या डब्याने पुन्हा रंगवा. अर्ध्या भिंतीवर जुळवलेला रंग लावू नका. जुळणी कितीही नेमकी असली तरी एका सपाट भिंतीवर डोळा ती पकडतो. कोपऱ्यात मात्र दोन भिंतींवर उजेड वेगवेगळा पडतो, तिथे बारीक फरक झाकला जातो. अख्खी २० लिटरची बादली आणि सगळ्या घराची मजुरी मागितली, तर कंपनीचा माणूस येईल, मान हलवेल आणि निघून जाईल. एका भिंतीचा रंग आणि एका भिंतीची मजुरी हे मागणं त्याला वर पाठवता येतं.

तुमच्या बाजूची कमकुवत जागाही सांगतो. बहुतेक कंपन्यांच्या सूचनांत असतं की वेगवेगळ्या बॅचचे डबे लावण्याआधी एकत्र करून घ्या. तुमची बादली संपल्यावर डबा आला, त्यामुळे एकत्र करणं शक्यच नव्हतं. पण हे पत्रात लिहू नका, विचारलं तरच सांगा. पुढच्या वेळी मात्र बादलीत चौथा हिस्सा उरलेला असतानाच नवा डबा आणा आणि दोन्ही एका पिंपात ओतून ढवळा.

त्याच डब्यातल्या उरलेल्या रंगाने खिळ्याची भोकं बुजवली, तरी ठिपके दिसतात. हेही बॅचचंच का? — देवगड

नाही. डबा एकच आहे, तेव्हा तक्रार कोणाकडेच नाही. रोलरने लावलेल्या भिंतीवर ब्रशचा ठिपका वेगळा चमकतो, शिवाय ताज्या पुट्टीने रंग शोषून घेतलेला असतो. बुजवलेल्या जागी आधी प्रायमर लावा, मग लहान रोलरने, रंगाऱ्याने घातलं होतं तितकंच पाणी घालून रंग लावा. काम होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील आणि भिंत समुद्राच्या बाजूची असेल, तर जुना रंगच उन्हाने उतरलेला असतो. तिथे नवा डबा कधीच जुळत नाही. पूर्ण भिंतच रंगवावी लागेल.

आमचा बचत गट होमस्टेसाठी पडदे शिवतो. एकाच नंबरचं समुद्री निळं कापड दोन ताक्यांत आलं. शिवून लावल्यावर एका खिडकीची डावी बाजू गडद, उजवी फिकी. व्यापारी म्हणतो, कापलेला कपडा परत घेत नाही. — चिपळूण

कपड्यात रंगाऱ्याचा घाणा असतो, त्याला लॉट म्हणतात. एका लॉटमध्ये जितकं कापड रंगतं तितकंच एकसारखं. पुढच्या लॉटला पाणी जरा जड असलं, तापमान किंवा मीठ-सोड्याचं माप थोडं हललं की निळा हिरवटाकडे झुकतो. नंबर डिझाइनचा असतो, लॉटचा नव्हे.

व्यापाऱ्याचं म्हणणं सरसकट खरं नाही, पण व्यवहारात ते जड जातं, कारण कापल्यावर कापड त्याला दुसऱ्याला विकता येत नाही. म्हणून जे ताके अजून उलगडलेले नाहीत, ते तसेच ठेवा. शिवलेल्या पडद्यांपैकी किती मीटर कोणत्या ताक्याचं आहे ते लिहून काढा. प्रत्येक ताक्याच्या शेवटाचा वीतभर तुकडा, काठासकट, कापून ठेवा. काठावर किंवा ताक्याच्या चिठ्ठीवर लॉट नंबर असतो. दोन तुकडे दिवसाच्या उजेडात आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली, असे दोन्हीकडे बघा. कधी कधी दिवसा जुळणारे दोन निळे ट्यूबखाली वेगळे होतात, आणि होमस्टेच्या खोलीत रात्री तेच दिसणार.

एक गोष्ट आधी तपासा. मखमलीसारखं लव असलेलं कापड असेल आणि एक तुकडा वरून खाली, दुसरा खालून वर लावला असेल, तर एकाच ताक्यातही दोन शेड दिसतात. ती शिवणाची चूक, लॉटची नाही. तुकडा उलटा धरून पाहा, फरक गेला तर शिवणच उसवा.

लॉटचाच फरक ठरला, तर व्यापाऱ्याकडे दोन पर्याय ठेवा. एक, गडद ताक्याचे जितके मीटर लागले आहेत तितकेच, त्या गडद तुकड्याशी जुळवून आणलेलं, एकाच लॉटचं कापड. दोन, ते नाही मिळालं तर फिक्या ताक्याचे मीटर पूर्ण दराने नव्हे, घट धरून. मला दुसरा पर्याय बरा वाटतो, कारण महिन्याभरानंतर येणारा तिसरा लॉट पुन्हा तिसरंच निळं असण्याचा धोका असतो. आत्ताचे पडदे अदलाबदल करून घ्या, म्हणजे एका खोलीत एकच लॉट येईल. दोन खोल्यांचे निळे कोणी शेजारी ठेवून बघत नाही.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं बिलावरच छापलंय. मग आमचं काही चालणार का? — मालवण

चालतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. म्हणून लेखी तक्रार त्या ३० दिवसांच्या आत पोचवा. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळदा कंपनीचा माणूस त्यानंतरच दारात येतो. तेवढ्याने भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

चिपळूणच्या गटासाठी इथेच लिहितो. विक्रीसाठी घेतलेला माल या कायद्यात सहसा बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला बसतो. तक्रारीत गटातल्या बाया स्वतः शिवतात हे स्पष्ट लिहा, आणि शिलाईची वही सोबत जोडा.