‘टाक’चं ‘टाका’ झालं की

प्रश्न: पैशांवरून मित्राशी गैरसमज झाला. आज त्याचा मेसेज आलाय, ‘हिशोब कळला. राहू द्या.’ एरवी तो असं तुटक लिहीत नाही. शांतपणे काय उत्तर देऊ?

त्या मेसेजमधलं ‘द्या’ बघा. ज्यानं जन्मभर ‘अरे-तुरे’ केलं तो एकदम ‘अहो-जाहो’वर आला, म्हणजे राग पैशांचा कमी आणि मनाला लागल्याचा जास्त आहे. म्हणून ‘राहू द्या’चा अर्थ त्यानं पैसे सोडले असा धरू नका.

आम्ही औसा तालुक्यातले. दोन वर्षांपूर्वी मला असाच मेसेज आला होता, ‘2000 राहिलेत. जमलं तर टाका.’ पाठवणारा शाळेपासूनचा मित्र, बांधाला बांध लागून शेत. त्या वर्षी दोघांच्या सोयाबीनची मळणी एकाच मशीनवर केली होती. मिळून 48 पोती झाली, पोत्याला 200 रुपये. मळणीवाल्याला 9,600 त्यानंच दिले. माझी 22 पोती, म्हणून 4,400 मी फोनवरून त्याला टाकले. पण जूनमधल्या बियाण्याचेही 2,000 माझ्याकडे होते. ते मी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी रोख देऊन आलो होतो, आबांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या हातात. त्याला हे माहीतच नव्हतं. माझ्या 4,400 मधले 2,000 त्यानं बियाण्याला धरले आणि मळणीत तेवढेच कमी पडले. त्यात मी चहाच्या टपरीवर चारचौघांत बोलून गेलो की माझं सगळं फिटलंय. ते त्याच्या कानावर गेलं.

मेसेज वाचून मी आधी लिहिलं, ‘आबांना विचार, पैसे कधीच दिलेत.’ खरं तेच होतं. पण त्यानं त्याच्या म्हाताऱ्या बापावर बोट गेलं असतं, म्हणून खोडलं. मग वाटलं, 2,000 परत टाकून द्यावेत आणि मोकळं व्हावं. तेही केलं नाही, कारण एक शब्द न लिहिता रागारागानं पैसे टाकणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. फक्त ‘वाचलं. संध्याकाळपर्यंत नीट लिहितो’ एवढं कळवलं, नाहीतर निळ्या खुणा बघून त्याचा राग वाढला असता. संध्याकाळी हे पाठवलं:

‘गड्या, मळणीचे माझ्या 22 पोत्यांचे 4,400 तुला फोनवर टाकले. बियाण्याचे 2,000 पोळ्याच्या आदल्या दिवशी रोख आबांकडे दिले, पण तुला सांगायचं माझंच राहिलं. तुझ्या वहीत कसं मांडलंय ते सांग, माझं चुकत असेल तर देतो. टपरीवर बोललो ते बोलायला नको होतं. उद्या घरी येऊ का?’

यात ‘तुझा गैरसमज झालाय’ हे कुठंच नाही. ते वाक्य कितीही गोड लिहा, समोरच्याला ‘तू चुकलास’ असंच ऐकू येतं. त्याऐवजी कोणते पैसे, कधी, कुणाच्या हातात, एवढंच लिहिलं की त्याचा हिशोब तोच जुळवतो. आणि माफी मी नेमक्या दोन गोष्टींची मागितली, न सांगितल्याची आणि टपरीवरच्या बोलण्याची. ‘काही चुकलं असेल तर माफ कर’ असं मोघम लिहिलं असतं तर उलट जास्त लागलं असतं. स्क्रीनशॉटही जोडला नाही. मित्राला पुरावा दाखवायला लागलो की तो वकिलासारखं उत्तर देतो. त्यानं मागितला तर जरूर द्यावा.

दोन तासांनी त्याचं उत्तर आलं, ‘सातला ये.’

गेलो तेव्हा आबांनी स्वतःच फडताळातून बँकेचं पासबुक काढलं. पाचशेच्या चार नोटा त्यातच होत्या, घडी केलेल्या, मी दिल्या तशाच. आबा गप्पच बसले. मीच म्हणालो, ‘आबा, मीच ह्याला सांगायला विसरलो.’

तुमचं म्हणाल तर, रक्कम मोठी असेल, पन्नास हजार-लाखाची, तर मेसेजमध्ये ‘देतो’ असा शब्द देऊ नका. ‘दोघं वही घेऊन बसू’ एवढंच लिहा. कॉमन मित्राला मध्ये घालू नका, ग्रुपवर तर एक अक्षरही नको. माझ्यासारखंच आधी तारखेनं काय दिलं-घेतलं ते मांडा, मग तुमच्याकडून नेमकं काय राहिलं ते लिहा, आणि शेवटी भेटायचं विचारा. पाच-सहा ओळींच्या वर जाऊ नका. ‘राहू द्या’ला एवढंच लिहा, ‘राहू कसं देऊ, तुझे निघत असतील तर तुझेच आहेत.’ आणि लिहिताना ‘तू’च लिहा. त्याचं ‘द्या’ बघून तुम्हीही ‘तुम्ही’वर गेलात तर परत यायला दोघांनाही जड जाईल.

उत्तर नाही आलं तर दोन-तीन दिवस थांबा आणि मग मेसेज न करता सरळ घरी जा, जेवणाची वेळ टाळून.