सप्टेंबरमधील रात्रीची कामे: अतिताण कसा ओळखावा आणि नकार कसा कळवावा

प्रश्न: मी पुण्यातील एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करतो. सप्टेंबर सुरू झाल्यापासून सीनियर रोज रात्री नऊ-दहाला नवीन काम पाठवतात. हा सीझनचा नेहमीचा ताण आहे की खरोखर अति होत आहे, हे कसे ओळखावे? आणि त्यांना न दुखावता नाही कसे म्हणावे?

उत्तर: मी आर्टिकलशिप पूर्ण करून आता स्वतः आर्टिकल्सचे काम तपासतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो. टॅक्स ऑडिटची मुदत सहसा 30 सप्टेंबर असल्याने या महिन्यात प्रत्येकच जण थकतो. त्यामुळे केवळ थकव्यावरून काहीच ठरवता येत नाही. चुकांचे स्वरूप पाहावे, त्यावरून अधिक कळते.

रात्री उशिरा केलेले काम दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी स्वतः तपासून पाहा. 54,300 च्या जागी 45,300 लिहिले गेले असेल, तर फरक 9,000 येतो आणि त्याला नऊने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला नेहमीच नऊने भाग जातो, हे जुन्या हिशेबनिसांना पाठ असते. (असा भाग गेला म्हणजे चूक त्याच प्रकारची असेल असे मात्र नाही, ती केवळ पहिली शंका.) अशा चुका रात्री नऊनंतरच्याच कामात वारंवार सापडू लागल्या, तर तुम्हाला विषय येत नाही असे नसून झोप पुरत नाही, असे समजावे. दुसरी खूण अधिक गंभीर आहे: व्हाउचरवर टिक केलेली दिसते, पण ते व्हाउचर पाहिल्याचे आठवत नाही. ऑडिटमध्ये ती टिक म्हणजे 'मी पाहिले' अशी नोंद असते, त्यामुळे न पाहता केलेली टिक ही चुकलेल्या बेरजेपेक्षा वाईट.

2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 17 ते 19 तास सलग जागे असलेल्यांची काही चाचण्यांतील कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून खालावलेली आढळली होती. आपल्याकडे वाहनचालकासाठी मर्यादा 0.03 टक्के आहे. सकाळी सहाच्या क्लाससाठी तुम्ही पाचला उठत असाल, तर रात्री दहालाच 17 तास भरतात. म्हणजे सीनियरचा मेसेज येतो तेव्हा तुम्ही नेमके त्या अवस्थेत असता. (त्यानंतर दुचाकीवरून घरी जायचे असते, तो भाग वेगळाच.) रविवारी पुरेशी झोप घेऊनही सोमवारी ताजेतवाने वाटत नसेल, किंवा सुट्टीच्या रात्रीही झोप लागत नसेल, तर मात्र सीझन संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

आता नकाराविषयी. सीनियरला राग बहुधा नकाराचा येत नाही. उत्तर न देणे, किंवा 'बघतो, जमेल तसे करतो' असे लिहून सकाळी काहीच न देणे, याचा राग येतो, कारण रात्री कळले असते तर काम दुसऱ्याला देता आले असते. म्हणून उत्तर लगेच द्यावे, कारणांची यादी देऊ नये आणि पर्याय त्यांच्यासमोर ठेवावा. समजा, दहा वाजता एका क्लायंटचे जीएसटी विवरण आणि पुस्तकातील विक्री यांचा ताळमेळ मागितला आहे, आणि दुसऱ्या क्लायंटचा फॉर्म 3सीडी उद्या द्यायचा आहे. तेव्हा असे लिहिता येईल:

'मॅडम, हा ताळमेळ आज रात्री माझ्याकडून नीट होणार नाही. उद्या नऊला बसलो तर बारापर्यंत देतो. मात्र त्यामुळे 3सीडीचे काम दुपारनंतर जाईल. आधी कोणते घेऊ, ते कृपया कळवा.'

यात 'नाही' स्पष्ट आहे, वेळ नेमकी आहे आणि प्राधान्य ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहतो. 'सॉरी' तीन-तीनदा लिहू नये. त्याने आग्रहाला जागा मिळते. अर्थात, अहवाल त्याच रात्री पोर्टलवर चढायचा असेल आणि फक्त तुमच्याकडेच फाइल असेल, तर त्या दिवशी नकार देऊ नये. काम करावे आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची परवानगी त्याच मेसेजमध्ये मागावी.

इतके करूनही रोज तेच घडत असेल, तर तारीख, काम आल्याची वेळ आणि संपल्याची वेळ अशी साधी नोंद ठेवून प्रिन्सिपलांकडे जावे. आर्टिकलचे किमान कामाचे तास आठवड्याला 35 धरलेले आहेत, आणि तुमचे तास त्यापुढे किती जातात हे पुष्कळदा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण वाटप मधले सीनियर करतात. भेटताना सीनियरची तक्रार म्हणून बोलू नका. ती नोंद समोर ठेवा आणि रात्री आठनंतर आलेले काम दुसऱ्या सकाळी धरता येईल का, एवढेच विचारा.