पिढी नको, साखळी बघ

काल हर्नियाच्या पेशंटने अमॉक्सिसिलिनने गांधी उठल्याचं सांगितलं आणि तू सेफाझोलिन खोडून क्लिंडामायसिन लिहिलंस. "पहिल्या पिढीतलं सेफॅलोस्पोरिन आहे ना सर, पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीत चालणार नाही!" अरे, पिढीवरून ठरवू नकोस. शरीर बहुतेकदा ओळखतं ती रेणूच्या कडेची आर-१ साखळी. सेफाड्रॉक्सिलची साखळी हुबेहूब अमॉक्सिसिलिनची. सेफॅलेक्सिन आणि सेफाक्लोरची अँपिसिलिनची. या दोन पेनिसिलिनमध्ये फरक फक्त एका हायड्रॉक्सिलचा, म्हणून याला ती तिन्ही द्यायची नाहीत. सेफाझोलिनही पहिल्याच पिढीतलं, पण त्याची साखळी आपण वापरतो त्या कुठल्याच पेनिसिलिनशी जुळत नाही. चीर देण्याआधी तासाभरात २ ग्रॅम द्यायला हरकत नव्हती. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचीही साखळी वेगळी, पण हर्नियाला एवढी मोठी तोफ कशाला? आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या १० टक्के लोकांना सेफॅलोस्पोरिनही बाधतं, हा जुना आकडा सोड. सुरुवातीच्या सेफॅलोस्पोरिनमध्ये पेनिसिलिनचा अंशच मिसळलेला असायचा.

मात्र आधी एवढं विचार: तेव्हा अंगाची साल निघाली होती का? तोंडात, डोळ्यांत फोड आले होते का? हो म्हणाला, तर साखळ्या जुळवत बसू नकोस. त्याला पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन असं कुठलंच बीटा-लॅक्टम नको. तिथे तुझं क्लिंडामायसिन बरोबर.