मुलाविरुद्ध बुलिंगची तक्रार, शाळेला उत्तर काय द्यायचं?

प्रश्न: पाचवीतला मुलगा बसमध्ये एकाला त्रास देतो असं शाळेचं पत्र आलंय, उत्तरात काय लिहू?

उत्तर: "आमचा मुलगा असं करूच शकत नाही" हे वाक्य आधी खोडा आणि जेवढं कळलंय तेवढंच लिहा, उदाहरणार्थ, डबा हिसकावल्याचं तो कबूल करतोय, ढकलल्याचं नाही म्हणतोय. मी शाळेत समुपदेशक आहे, पालक स्वतः काय करणार तेच आम्ही पत्रात शोधतो, म्हणून ठोस सुचवा: महिनाभर बसमध्ये ताईंच्या शेजारची सीट, दर शुक्रवारी क्लासटीचरची डायरीत एक ओळ, समुपदेशकाची भेट. समोरासमोर माफीचा हट्ट नको, ज्याला त्रास झाला त्या मुलालाच ते जड जातं, आधी शाळेमार्फत त्याच्या पालकांना विचारा. मात्र कुणाला इजा झाली असेल किंवा प्रकरण पोलिसांत गेलं असेल तर पत्र पाठवण्याआधी वकिलाला दाखवा.