हात पुढे करायचा की नमस्कार? (उत्तर)

प्रश्न: पुढच्या आठवड्यात बेळगावात उद्यमबागच्या एका कारखान्यात इंटरव्ह्यू आहे. साहेब दारात किंवा वेटिंगमध्येच समोर आले तर हात मिळवायचा की नमस्कार? आणि बोलायचं मराठीत की कन्नडमध्ये?

नमस्कारच करायचा. हात आपण होऊन पुढे करायचा नाही, त्यांनी केला तर द्यायचा.

आमचे दाजी पोरांना इंटरव्ह्यूची तयारी करून देतात. 'आत शिरताच घट्ट हात मिळवा, नजर भिडवा' हे त्यांचं पहिलं शिक्षण. मी एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, उमेदवारांना हाक मारायला बाहेर मीच जातो, त्यामुळं दाजींच्या शिक्षणाचं काय होतं ते मला दिसतं.

मागं इन्स्पेक्टरच्या जागेसाठी दोन पोरं आली होती. मी आणि एचआरच्या मॅडम बाहेर गेलो. पहिला उठला तो थेट मॅडमसमोर हात करून. मॅडमनी हात जोडले. त्याचा हात तसाच हवेत, दुसऱ्या हातातलं हेल्मेट बाकावर आपटलं. आत व्हर्निअरचा लीस्ट काउंट विचारला तर ०.०२ मिमीच्या जागी ०.२ म्हणाला. त्याला येत नव्हतं असं नाही, पुढं ड्रॉइंग बरोबर वाचलं की त्यानं. डोकं अजून बाहेरच्या बाकावर होतं.

दुसरा खानापूरकडचा. पावसाचे दिवस, रेनकोट-हेल्मेट वॉचमनजवळ ठेवून आलेला. गेटवर रजिस्टरमध्ये सही करताना 'इंटरव्ह्यू कोण घेणार' हेही विचारून घेतलेलं. आम्ही दिसताच उठला, फाईल डाव्या हातात, 'नमस्कार सर, नमस्कार मॅडम', मग नाव आणि 'क्वालिटीच्या जागेसाठी आलोय'. बस्स. मॅडम कन्नडमध्ये 'बर्री', म्हणजे 'या', म्हणाल्या, तर हाही कन्नडमध्येच 'बंदे री', 'आलो', म्हणून मागं निघाला. दारात थांबून 'येऊ का?' विचारलं, आणि बसा म्हटल्यावरच बसला.

भाषेचं उत्तर यातच आहे. नमस्कार दोन्हीकडं चालतो, पुढं ते ज्या भाषेत बोलतील त्यात बोला. कन्नड मोडकं असलं तरी चालतं. मराठीत विचारलेल्याला पाठ केलेल्या इंग्रजीत उत्तर दिलेलं जास्त खटकतं. भाषेवरच्या बाकीच्या चर्चा चहाच्या गाड्यावर करा. आणि पाया पडू नका, कृपा करून. पोरं पडतात, आणि आम्हालाच कुठं बघावं कळत नाही.

साहेब नुसतेच समोरून जात असतील तर उठून मान झुकवली की पुरे. फोनवर असतील तर तोंड उघडायचं नाही.

दाजींचं म्हणणं अजून हेच, की त्या पहिल्या पोराचा आत्मविश्वास कमी पडला. हात भेटलाच नाही तर घट्ट कसला धरणार, हे मी जेवताना दोनदा विचारलं, ताईनं विषय बदलला.

हे सगळं इथल्या कारखान्यांचं हं. पुण्या-बेंगळुरूच्या आयटीवाल्यांत ते स्वतःच हात पुढं करतात म्हणे, तिथलं दाजींना विचारा.